विश्लेषण : हजारोंच्या ग्रुपमधला गोंधळ कसा आवरायचा? ‘स्लो मोड’, ‘टॉपिक्स’ आणि ‘फक्त अ‍ॅडमिन’ यांत नेमका फरक काय?

महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची पूर्वपरीक्षा झाली, की काही दिवसांत पहिली उत्तरतालिका संकेतस्थळावर येते. तिच्यावर हरकत घ्यायची तर मुदत मोजक्या दिवसांची असते. त्या संध्याकाळी परीक्षार्थींच्या मोठ्या टेलिग्राम ग्रुपमध्ये डोकावून पाहिले, तर हरकतीची मुदत सांगणारा एक संदेश पाच मिनिटांत शेकडो संदेशांखाली गाडला गेलेला दिसतो. ‘कटऑफ किती लागेल’, ‘माझे इतके गुण येताहेत, होईल का’, ‘लिंक उघडत नाही’ हे प्रश्न पुन्हा पुन्हा येत राहतात आणि मधेच कुणीतरी परीक्षा रद्द झाल्याचे बनावट परिपत्रकही टाकतो. ज्याला खरोखर हरकत घ्यायची आहे, त्याच्या हाती मुदतीची तारीख लागत नाही. अशा ग्रुपसाठी तीन उपाय उपलब्ध आहेत. मात्र प्रत्येक उपाय वेगळ्या दुखण्यावरचा आहे. दुखणे न ओळखता उपाय केला, तर गोंधळ तसाच राहतो आणि सदस्य मात्र वैतागतात.

मोठ्या ग्रुपची दुखणी कोणती?

टेलिग्रामच्या एका ग्रुपमध्ये दोन लाखांपर्यंत सदस्य राहू शकतात. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपची मर्यादा १०२४ आहे. ग्रुप कुठलाही असला, तरी त्याच्या तक्रारी साधारण तीन प्रकारच्या असतात. पहिली, मोजकेच लोक सतत बोलतात आणि बाकीच्यांना जागाच मिळत नाही. दुसरी, अनेक लोक अनेक विषयांवर एकाच वेळी बोलतात, त्यामुळे कुठल्या प्रश्नाचे उत्तर कुठले हेच कळत नाही. तिसरी, एखादी सूचना सर्वांपर्यंत पोहोचायला हवी असते, पण ती वाहून जाते. पहिल्यावर ‘स्लो मोड’, दुसऱ्यावर ‘टॉपिक्स’ आणि तिसऱ्यावर ‘फक्त अ‍ॅडमिननी लिहिणे’ असा ढोबळ हिशेब आहे.

‘स्लो मोड’ म्हणजे काय?

टेलिग्रामने ही सोय ऑगस्ट २०१९ मध्ये आणली. ती सुरू केली, की एका सदस्याला एक संदेश पाठवल्यावर पुढच्या संदेशासाठी ठरलेला वेळ थांबावे लागते. १० सेकंद, ३० सेकंद, १ मिनिट, ५ मिनिटे, १५ मिनिटे, १ तास यांसारखे टप्पे अ‍ॅडमिनला निवडता येतात. ग्रुपच्या नावावर टिचकी मारून Edit, मग Permissions उघडले, की खाली Slow Mode ची पट्टी दिसते. ती सुरू असताना सदस्याला संदेश लिहायच्या जागी उलटी मोजणी दिसते. थांबण्याचा नियम अ‍ॅडमिनना लागू होत नाही.

येथे एक गोष्ट नेहमी नजरेआड होते. स्लो मोड प्रत्येक सदस्यावर वेगवेगळा चालतो. ग्रुपमध्ये एकूण किती संदेश येतील, यावर त्याचा थेट लगाम नसतो. एक मिनिटाचा स्लो मोड लावला, तरी हजार जणांनी एकेक संदेश टाकला तर त्या मिनिटात हजार संदेश येणारच.

मग तो केव्हा उपयोगी पडतो?

हे ओळखायला साधी कसोटी आहे. शेवटचे शंभर संदेश पाहायचे आणि ते किती वेगवेगळ्या लोकांनी लिहिलेत ते मोजायचे.

समजा, पाच मिनिटांत शंभर संदेश आले आणि ते सगळे आठच जणांचे आहेत. म्हणजे दोघा-तिघांचा वाद पेटला आहे आणि बाकीचे त्यात तेल ओतत आहेत. ३० सेकंदांचा स्लो मोड लावला तर प्रत्येकाला पाच मिनिटांत साधारण १० संदेश पाठवता येतील, म्हणजे आठ जणांचे ८०. फारसा फरक पडला नाही. एक मिनिट लावले तर प्रत्येकी पाच, म्हणजे सुमारे ४०. पाच मिनिटे लावली तर प्रत्येकी एक, म्हणजे केवळ आठ. येथे स्लो मोड रामबाण आहे.

आता तेवढेच शंभर संदेश, पण लिहिणारे ८० जण आहेत असे समजा. ६० जणांनी एकेक आणि २० जणांनी दोन-दोन संदेश टाकले आहेत. पाच मिनिटांचा कडक स्लो मोड लावला, तरी ८० संदेश येणारच. गर्दी फक्त २० संदेशांनी कमी होईल, आणि त्या बदल्यात ज्याने प्रश्न विचारला त्याला ‘कोणता संच, ए की बी?’ या साध्या विचारणेचे उत्तर द्यायलाही पाच मिनिटे थांबावे लागेल. उत्तरतालिकेच्या संध्याकाळी नेमके हेच चित्र असते. म्हणूनच अ‍ॅडमिन स्लो मोड लावतात आणि ‘काही उपयोग झाला नाही’ म्हणत बसतात.

स्लो मोडचा आणखी एक फायदा जाताजाता मिळतो. एक वाक्य तोडून चार संदेशांत पाठवायची सवय मोडते, कारण एकदाच बोलायचे आहे म्हटल्यावर माणूस पूर्ण प्रश्न लिहितो. पाठवलेला संदेश दुरुस्त करायला मात्र थांबावे लागत नाही. त्यामुळे ‘राहिलेले लिहायचे असेल तर आधीचाच संदेश एडिट करा’ ही एक ओळ पिन करून ठेवली, की निम्मी कुरकुर बंद होते.

‘टॉपिक्स’ने काय बदलते?

टॉपिक्सची सोय टेलिग्रामवर नोव्हेंबर २०२२ मध्ये आली. सुरुवातीला ती फक्त मोठ्या ग्रुपना मिळत होती, नंतर लहान ग्रुपसाठीही खुली झाली. ग्रुपच्या Edit मध्ये Topics सुरू केले, की एकाच ग्रुपच्या आत विषयवार खोल्या तयार करता येतात. प्रत्येक टॉपिकला स्वतःचे नाव, स्वतःचे पिन केलेले संदेश आणि स्वतःची सूचना-घंटी असते. ज्याला कटऑफच्या गप्पा नकोत, तो तेवढाच टॉपिक म्यूट करतो आणि हरकतींचा चालू ठेवतो. आधीच्या ८० जणांच्या गर्दीवर खरे औषध हेच आहे. संदेशांची संख्या कमी होत नाही, पण एका ठिकाणी कोसळणारा प्रवाह चार-पाच पाटांत वळवला जातो.

टॉपिक्स सुरू करताना जुने संदेश कुठे जातील, ही भीती अनेकांना असते. ते सगळे General या आपोआप तयार होणाऱ्या टॉपिकमध्ये राहतात. पुढे टॉपिक्स बंद केले, तर सगळे संदेश पुन्हा एकाच प्रवाहात दिसू लागतात. General पुसता येत नाही, लपवता मात्र येतो.

यातली सर्वांत कामाची सोय म्हणजे एखादा टॉपिक ‘बंद’ करणे. बंद टॉपिक सर्वांना वाचता येतो, पण त्यात साध्या सदस्यांना लिहिता येत नाही, टॉपिक सांभाळायचा अधिकार असलेले अ‍ॅडमिन लिहू शकतात. म्हणजे सगळा ग्रुप गप्प न करता एकाच खोलीत ‘फक्त अ‍ॅडमिन’ हा नियम लावता येतो. ‘सूचना’ नावाचा बंद टॉपिक तयार केला, की मुदतीची तारीख वाहून जायची जागाच उरत नाही.

टॉपिक्स कुठे फसतात?

पहिली चूक संख्येची. उत्साहाच्या भरात वीस-पंचवीस टॉपिक काढले जातात. नव्या सदस्याला आपला प्रश्न कुठे बसतो ते कळत नाही, म्हणून तो पहिल्याच खोलीत टाकतो. एका टॉपिकमधला संदेश उचलून दुसऱ्यात ठेवायची सोय नाही. तो योग्य जागी फॉरवर्ड करून मूळ संदेश पुसावा लागतो. दिवसाकाठी असे पन्नास संदेश हलवायची वेळ आली, तर टॉपिकची नावे किंवा संख्या चुकली आहे असे समजावे. नाव वाचून ‘येथे काय विचारायचे’ हे कळले पाहिजे. ‘चर्चा’, ‘इतर चर्चा’ आणि ‘सामान्य’ अशी तीन नावे शेजारी असतील, तर तिन्हींत सारखेच संदेश पडणार.

दुसरी चूक अधिकाराची. नवे टॉपिक काढायची परवानगी सर्व सदस्यांना खुली ठेवली, तर प्रत्येक जण आपल्या प्रश्नाचा वेगळा टॉपिक काढतो आणि मूळ गोंधळ आता टॉपिकच्या यादीत दिसू लागतो. मोठ्या ग्रुपमध्ये ही परवानगी अ‍ॅडमिनपुरतीच ठेवावी.

तिसरी अडचण सदस्याच्या बाजूची आहे. टेलिग्राम प्रत्येकाला टॉपिकवार पाहण्याऐवजी सगळे संदेश एकत्र पाहायचीही मुभा देते. असे पाहणारा माणूस कशाला प्रत्युत्तर न देता नुसताच संदेश लिहितो, तेव्हा तो General मध्ये पडतो. ‘नियम वाचत नाहीत’ म्हणून त्याच्यावर चिडण्याआधी त्याला पडद्यावर खोल्या दिसतच नसतील, हे लक्षात घ्यायला हवे.

आणि चौथी मर्यादा म्हणजे, टेलिग्रामवर स्लो मोड सगळ्या ग्रुपला एकच असतो. गप्पांच्या टॉपिकला पाच मिनिटे आणि हरकतींच्या टॉपिकला दहा सेकंद, असे करता येत नाही. एका टॉपिकमध्ये लिहिले, की दुसऱ्यातही थांबावे लागते. डिस्कॉर्डची रचना याबाबत वेगळी आहे. तिथे स्लो मोड चॅनेलवार लावता येतो आणि तो सहा तासांपर्यंत ताणता येतो.

‘फक्त अ‍ॅडमिन’ केव्हा?

व्हॉट्सअ‍ॅपने ही सोय २०१८ च्या जूनअखेरीस दिली. तिचा मोठा वापर देशभर दिसला तो ९ नोव्हेंबर २०१९ रोजी, अयोध्या प्रकरणाचा निकाल आला त्या दिवशी. असंख्य ग्रुपच्या अ‍ॅडमिननी खबरदारी म्हणून सदस्यांचे लिहिणे बंद केले आणि वातावरण निवळल्यावर पुन्हा सुरू केले. या सोयीचा खरा स्वभाव त्यातूनच कळतो. ती झडपेसारखी वापरायची असते, गरज पडताच बंद करायची आणि गरज सरताच उघडायची.

व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुपच्या माहितीत Group permissions उघडून Send new messages ची परवानगी सदस्यांकडून काढून घेतली, की खालच्या पट्टीत Only admins can send messages असे दिसू लागते. टेलिग्रामवर हेच काम Permissions मधली संदेश पाठवण्याची परवानगी बंद करून होते. टेलिग्रामवर त्यापुढची पायरीही आहे. मजकूर चालू ठेवून फक्त फोटो, फक्त व्हिडीओ किंवा फक्त स्टिकर बंद करता येतात. बनावट परिपत्रके बहुतेकदा फोटोच्या रूपातच फिरतात. त्यामुळे अफवेच्या रात्री सगळ्यांची तोंडे बंद करण्यापेक्षा फोटोंची परवानगी तेवढी काढून घेणे पुष्कळदा पुरते.

व्हॉट्सअ‍ॅपवर स्लो मोड आणि टॉपिक्स या दोन्ही सोयी नाहीत. तिथे विषय वेगळे करायचे, तर नोव्हेंबर २०२२ मध्ये आलेल्या ‘कम्युनिटी’खाली वेगवेगळे ग्रुप जोडावे लागतात. कम्युनिटीत सूचनांचा एक ग्रुप आपोआप तयार होतो आणि त्यात नवी सूचना अ‍ॅडमिनच टाकू शकतो. सूचना-ग्रुपमध्ये सदस्यांचे फोन नंबर इतर सदस्यांना दिसत नाहीत. अनोळखी लोकांच्या मोठ्या ग्रुपसाठी, विशेषतः मुलींसाठी, हा फायदा लहान नाही.

या उपायाची किंमत काय?

सदस्य गप्प झाले, की चूक दाखवणारेही गप्प होतात. अ‍ॅडमिनने घाईत मुदतीची तारीख १५ ऐवजी १८ लिहिली, तर खुल्या ग्रुपमध्ये दोन मिनिटांत कुणीतरी ‘सर, १५ आहे’ असे लिहिले असते. बंद ग्रुपमध्ये ती चूक हजारो जणांपर्यंत तशीच पोहोचते आणि अ‍ॅडमिनचा संदेश म्हणून कुणी शंकाही घेत नाही. म्हणून सूचनेत तारीख लिहिताना आयोगाच्या मूळ प्रसिद्धिपत्रकाची लिंक सोबत द्यावी आणि चूक कळवायला एका अ‍ॅडमिनचे नाव द्यावे.

दुसरा धोका खात्याचा आहे. एकट्या अ‍ॅडमिनच्या शब्दावर सगळे विसंबून असतील, तर त्याचे खाते ज्याच्या हाती लागेल त्याला हजारो लोकांचा विश्वास फुकट मिळतो. ‘शुल्क येथे भरा’ असा एकच बनावट संदेश पुरेसा असतो. टेलिग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप दोन्हींवर द्विस्तरीय पडताळणी आहे. अ‍ॅडमिनने ती लावलेली असणे ही येथे किमान अट मानायला हवी.

तिसरी गोष्ट व्हॉट्सअ‍ॅपपुरती. एकमेव अ‍ॅडमिन ग्रुप सोडून गेला, तर अ‍ॅप सदस्यांपैकी कुणालाही अ‍ॅडमिन करून टाकते. ‘फक्त अ‍ॅडमिन’ असलेल्या ग्रुपमध्ये याचा अर्थ असा, की एका अनोळखी माणसाच्या हाती एकट्याचा ध्वनिक्षेपक येतो. त्यामुळे किमान दोन, शक्यतो तीन अ‍ॅडमिन असावेत.

उत्तरतालिकेच्या संध्याकाळी हे सगळे कसे जुळवायचे?

चाळीस हजार सदस्यांचा एक टेलिग्राम ग्रुप आहे असे धरू. तालिका येण्याच्या आदल्या आठवड्यातच पाच टॉपिक तयार ठेवायचे : ‘सूचना’ (बंद), ‘पेपर १ उत्तरे’, ‘सीसॅट उत्तरे’, ‘हरकती आणि पुरावे’ आणि गप्पांसाठी General. ही कामे ऐनवेळी करू नयेत. लोक धावत आलेले असताना घराची मांडणी बदलली, तर सगळेच अडखळतात.

तालिका येताच संपूर्ण ग्रुपचे लिहिणे पंधरा मिनिटे बंद करायचे. ‘सूचना’मध्ये एकच संदेश टाकायचा : तालिकेची लिंक, हरकतीची शेवटची तारीख आणि वेळ, हरकत कुठून नोंदवायची आणि कोणता प्रश्न कोणत्या टॉपिकमध्ये विचारायचा. तो पिन करायचा. या पंधरा मिनिटांत जो ग्रुप उघडेल, त्याला हीच गोष्ट आधी दिसेल.

त्यानंतर लिहिणे खुले करायचे, पण ३० सेकंदांचा स्लो मोड लावून. या वेळी गर्दी अनेकांची असते, त्यामुळे मुख्य काम टॉपिक्स करतील. स्लो मोड फक्त एकच प्रश्न चारही खुल्या टॉपिकमध्ये एका दमात चिकटवणाऱ्यांना अडवेल. शिवाय स्लो मोड चालू असताना सदस्याला या ग्रुपमध्ये अनेक संदेश एकदम फॉरवर्ड करता येत नाहीत, हाही फायदा आहे. फोटोंची परवानगी मात्र येथे बंद करता येणार नाही, कारण हरकतीसाठी लोक संदर्भग्रंथांच्या पानांचे फोटो टाकतात आणि ही परवानगी टॉपिकवार बदलता येत नाही. बनावट परिपत्रकावर अ‍ॅडमिनला नजरच ठेवावी लागेल.

रात्री अकराच्या सुमारास चित्र पालटते. तहान भागलेले लोक निघून जातात आणि एखाद्या प्रश्नावरून आठ-दहा जणांची जुंपते. शंभर संदेशांची कसोटी पुन्हा लावायची. लिहिणारे मोजकेच निघाले, तर स्लो मोड पाच मिनिटांवर न्यायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पूर्ण बंद करायचा, कारण आता प्रश्न कमी आणि खोल असतात आणि त्यांना मोकळी चर्चा लागते. हरकतीची मुदत संपली, की ‘हरकती आणि पुरावे’ टॉपिकही बंद करायचा. तो पुसू नये. अंतिम तालिका येईल तेव्हा लोकांना तोच पाहायचा असतो.

कायद्याच्या दृष्टीने अ‍ॅडमिनची जबाबदारी वाढते का?

मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये एका प्रकरणात स्पष्ट केले, की सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह संदेशासाठी, समान हेतू किंवा पूर्वनियोजन दिसत नसेल तर, ग्रुप अ‍ॅडमिनला जबाबदार धरता येणार नाही. संदेश येण्याआधी तो तपासण्याचा किंवा रोखण्याचा अधिकार अ‍ॅडमिनकडे नसतो, हे त्यामागचे एक महत्त्वाचे कारण होते. ‘फक्त अ‍ॅडमिन’ लावल्यावर मात्र ग्रुपमध्ये येणारा प्रत्येक शब्द अ‍ॅडमिनांपैकीच कुणाचा तरी असतो. ‘सदस्याने टाकले, मला काय माहीत’ असे म्हणायला तिथे वाव उरत नाही. म्हणूनच हे बटण दाबणाऱ्याने पुढे आलेला संदेश जसाच्या तसा फॉरवर्ड करण्याची सवय आधी स्वतःपासून सोडायला हवी.